कोणता R घ्यायचा? 8.314 की 0.0821, आणि दोन्ही बरोबर कसे

अकरावी-बारावीच्या मुलांचा हा नेहमीचा प्रश्न, की सर एका गणितात PV = nRT मधला गॅस स्थिरांक R 8.314 घेतात, दुसऱ्यात 0.0821 घेतात, पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात अजून 1.987 आणि 62.36 पण दिसतात, मग स्थिरांक म्हणायचं कशाला त्याला? आणि यावर जे उत्तर मिळतं ते बहुतेक वेळा "प्रेशर अॅटमॉस्फिअरमध्ये असेल तर 0.0821 घे" एवढंच असतं. ते चुकीचं नाही पण त्याने काम अर्धंच होतं, कारण ऑस्मोटिक प्रेशर, Kp किंवा अर्‍हेनियसचं गणित आलं की परत गोंधळ सुरू. म्हणून आधी R येतो कुठून ते बघू, मग एक खरं गणित शेवटपर्यंत करू.

R मोजायचा म्हणजे काय करायचं, तर आयडियल गॅसचा एक मोल घ्यायचा आणि त्याचं प्रेशर गुणिले व्हॉल्यूम भागिले तापमान काढायचं. 0 अंश सेल्सिअस म्हणजे 273.15 केल्विनला आणि 1 अॅटमॉस्फिअर प्रेशरला एक मोल गॅस 22.414 लिटर जागा घेतो, हे सगळ्यांना पाठ असतं. आता हाच एक मोल, हीच एक अवस्था, फक्त युनिट बदलून लिहून बघा:

```
1 atm × 22.414 L / 273.15 K           = 0.08206
1.01325 bar × 22.414 L / 273.15 K     = 0.08314
760 mmHg × 22.414 L / 273.15 K        = 62.36
101325 Pa × 0.022414 m³ / 273.15 K    = 8.314
```

गॅस तोच आहे, त्याला काही झालेलं नाही. आपण प्रेशर पास्कलमध्ये मोजलं तर आकडा लाखात गेला, व्हॉल्यूम घनमीटरमध्ये मोजलं तर आकडा हजारपट लहान झाला, आणि या दोन्हीचा परिणाम R च्या आकड्यात उतरला. त्यामुळे "R = 8.314" हे वाक्य खरं तर अर्धवट आहे, पुढे जूल प्रति मोल प्रति केल्विन लिहिल्याशिवाय त्याला काही अर्थच नाही.

आता जी गोष्ट वर्गात घाईत निसटते ती ही, की प्रेशर गुणिले व्हॉल्यूम म्हणजे एनर्जी असते. पास्कल म्हणजे न्यूटन प्रति चौरस मीटर, त्याला घनमीटरने गुणलं की न्यूटन-मीटर उरतं, आणि न्यूटन-मीटर म्हणजे जूल. म्हणजे लिटर-अॅटमॉस्फिअर हे सुद्धा एनर्जीचंच एक युनिट आहे, जरा विचित्र दिसतं एवढंच. 1 लिटर-अॅटमॉस्फिअर म्हणजे 101.325 जूल, 1 लिटर-बार म्हणजे बरोबर 100 जूल, आणि 1 लिटर-किलोपास्कल म्हणजे बरोबर 1 जूल. शेवटचं वाक्य परत एकदा वाचा, कारण त्याचा अर्थ असा की प्रेशर किलोपास्कलमध्ये आणि व्हॉल्यूम लिटरमध्ये असेल तर 8.314 थेट चालतो, घनमीटर करत बसायची गरजच नाही. हे माहीत नसल्यामुळे लोक उगाच दहाचे घात इकडून तिकडे हलवत बसतात आणि तिथेच चुकतात.

एवढं कळलं की तक्ता पाठ करायची गरज राहत नाही. एकच आकडा लक्षात ठेवायचा, 8.3145, आणि तुमच्या प्रेशर-व्हॉल्यूमच्या जोडीचा एक युनिट म्हणजे किती जूल ते काढून त्याने भागायचं:

```
R = 8.3145 / (तुमच्या एका युनिटमधले जूल)

L·atm      : 8.3145 / 101.325  = 0.08206
L·bar      : 8.3145 / 100      = 0.08314
L·mmHg     : 8.3145 / 0.13332  = 62.36
cm³·atm    : 8.3145 / 0.101325 = 82.06
cal        : 8.3145 / 4.184    = 1.987
```

त्या यादीत कॅलरीवाला 1.987 कुठून घुसला म्हणून विचाराल, तर एनर्जी आहे म्हटल्यावर ती कॅलरीत पण मोजता येणारच. आयडियल गॅससाठी Cp आणि Cv मधला फरक बरोबर R एवढा असतो, आणि जुन्या पुस्तकात स्पेसिफिक हीट कॅलरीत असायची म्हणून तिथे हा फरक "जवळपास 2" असा भेटतो. जर्मन डॉक्टर मायरने 1842 मध्ये याच विचारातून उष्णता आणि यांत्रिक काम यांचा हिशोब जुळवला होता: गॅस तापवताना प्रसरण होऊ दिलं तर जास्त उष्णता लागते, ती जास्तीची उष्णता गॅसने बाहेर केलेल्या कामाएवढी असणार, एक आकडा कॅलरीत आणि दुसरा यांत्रिक युनिटमध्ये, म्हणजे एका बाजूला 1.987 आणि दुसऱ्या बाजूला 8.314 असंच ते समीकरण आहे.

अचूकतेचं पण इथेच सांगून टाकतो. 20 मे 2019 पासून बोल्ट्झमन स्थिरांक आणि अॅव्होगॅड्रो अंक दोन्ही व्याख्येनेच पक्के केलेत, आणि R म्हणजे त्या दोघांचा गुणाकार, त्यामुळे R सुद्धा आता मोजून येणारा आकडा राहिलेला नाही, तो नेमका 8.31446261815324 आहे. परीक्षेत 8.314 भरपूर झालं. 0.0821 मात्र 0.08206 पेक्षा साधारण 0.05 टक्के जास्त आहे, ऑप्शन एकदम जवळजवळ असतील तर 0.08206 वापरा, एरवी काही बिघडत नाही.

आता गणित. कोविडच्या काळात सगळ्यांनी बघितलेला जम्बो ऑक्सिजन सिलेंडर घेऊ, त्याला डी टाइप म्हणतात, पाण्याने भरला तर 46.7 लिटर मावतात आणि त्यात 7 घनमीटर ऑक्सिजन आहे असं सांगतात. प्रश्न असा: गेज 150 दाखवतंय, तापमान 27 अंश, आत किती किलो ऑक्सिजन आहे?

पहिलं काम, R ला हात न लावता, गेजच्या तबकडीवर काय लिहिलंय ते बघायचं. आपल्याकडच्या बऱ्याच गेजवर kg/cm² लिहिलेलं असतं, बार नाही. दिसायला दोन्ही जवळ आहेत पण 1 kg/cm² म्हणजे 0.980665 बार, दोन टक्क्यांचा फरक. दुसरं, गेज बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त प्रेशर आहे ते दाखवतं, आणि गॅसच्या समीकरणात लागतं एकूण म्हणजे अॅबसोल्यूट प्रेशर, म्हणून हवेचं 1.013 बार त्यात मिळवायचं. तिसरं, तापमान केल्विनमध्ये. एवढं झालं की मग R निवडायचा:

```
P = 150 × 0.980665 + 1.01325 = 148.11 bar
V = 46.7 L
T = 27 + 273.15 = 300.15 K
```

प्रेशर बारमध्ये आणि व्हॉल्यूम लिटरमध्ये आहे, म्हणजे R = 0.083145. पण आपल्याला खात्री करायचीय म्हणून तेच गणित तीन वेगवेगळ्या R ने करू, प्रत्येक वेळी P आणि V त्या R च्या युनिटमध्ये आणून:

```
bar, L   : 148.11 × 46.7 / (0.083145 × 300.15)       = 277.2 mol
Pa, m³   : 14811000 × 0.0467 / (8.3145 × 300.15)     = 277.2 mol
atm, L   : 146.18 × 46.7 / (0.082057 × 300.15)       = 277.2 mol

वजन = 277.2 × 32 g = 8870 g, म्हणजे सुमारे 8.87 kg
```

तिन्हीकडून 277.2 मोल. हाच गॅस बाहेर सोडला, 1 अॅटमॉस्फिअर आणि 27 अंशाला, तर 146.18 गुणिले 46.7 म्हणजे साधारण 6830 लिटर होईल, म्हणजे 6.8 घनमीटर, त्या 7 च्या अगदी जवळ. उरलेला फरक का, तर एवढ्या प्रेशरला ऑक्सिजन आयडियल गॅससारखा वागत नाही, 300 केल्विन आणि 150 बारच्या आसपास त्याचा कॉम्प्रेसिबिलिटी फॅक्टर Z 0.95 च्या जवळपास असतो, म्हणून PV = ZnRT लिहिलं की आत साधारण 9.3 किलो निघतो. कितीही दशांश असलेला R घेतला तरी ही पाच टक्क्यांची तफावत जात नाही, कारण ती R ची चूकच नाही. सिलेंडरच्या प्रेशरला Z शिवाय केलेलं गणित हा अंदाज असतो, हे ध्यानात ठेवून मगच R च्या सहाव्या दशांशाची काळजी करा.

आता याच गणितात चुका करून बघू, कारण प्रत्येक चुकीचा एक ठरलेला चेहरा असतो आणि तो ओळखता आला तर उत्तर बघूनच कळतं की कुठे घसरलं.

बार आणि लिटर तसेच ठेवून 8.314 टाकला तर 2.77 मोल येतात, म्हणजे जेमतेम 89 ग्रॅम. जम्बो सिलेंडरमध्ये 89 ग्रॅम ऑक्सिजन, हे बघितल्यावरच हसू यायला पाहिजे. उत्तर बरोबर 100 पट चुकलं की समजायचं बार-लिटरमध्ये 8.314 गेला. अॅटमॉस्फिअर-लिटरमध्ये तीच चूक केली तर 101.3 पट फरक पडतो, आणि पास्कल घेतला पण लिटरचे घनमीटर करायचे राहिले तर 1000 पट. आता केल्विन विसरून 27 च टाकले तर 3081 मोल म्हणजे जवळजवळ 99 किलो ऑक्सिजन येतो, जो सिलेंडर एक माणूस कलता करून गोल फिरवत नेतो त्याच्या आत.

या मोठ्या चुका खरं तर बऱ्या, कारण त्या ओरडून सांगतात. त्रास देते ती छोटी. बारमधल्या प्रेशरला 0.0821 लावला तर 281 मोल येतात, वजन साधारण 8.99 किलो, खऱ्या उत्तरापेक्षा 1.3 टक्के जास्त, आणि उत्तर बघून कोणालाही शंका येणार नाही. प्रॅक्टिकलमध्ये तुमचं उत्तर दरवेळी एकाच दिशेला 1.3 टक्क्याने सरकत असेल तर पहिला संशय बार आणि अॅटमॉस्फिअरच्या अदलाबदलीवर घ्यायचा. 22.4 आणि 22.7 चं भांडण पण हेच आहे बरं का. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1982 मध्ये प्रमाण प्रेशर 1 अॅटमॉस्फिअरवरून 1 बार केलं, त्यामुळे 0 अंशाला एका मोलचं व्हॉल्यूम 22.414 ऐवजी 22.711 लिटर झालं, जुनी पुस्तकं आणि बरेच क्लास अजून 22.4 धरून चालतात. दोन्ही चालतील, फक्त जोडी मोडायची नाही: 22.7 घेतलात तर 1 बार आणि 0.0831, 22.4 घेतलात तर 1 अॅटमॉस्फिअर आणि 0.0821.

गेज प्रेशरची चूक मात्र जागेप्रमाणे रूप बदलते. 150 च्या सिलेंडरमध्ये 1 मिळवायचा विसरला तर एक टक्काही फरक पडत नाही. तीच चूक गाडीच्या टायरला करा, 32 psi हवा भरलीय म्हणजे अॅबसोल्यूट 46.7 psi, आणि तुम्ही 32 च टाकले तर जवळपास एक तृतीयांश हवा हिशोबातून गायब. कमी प्रेशरला गेज-अॅबसोल्यूटची तपासणी सगळ्यात आधी करायची.

आता दुसऱ्या प्रकारची गणितं, जिथे प्रेशर-व्हॉल्यूमचा पत्ताच नसतो. अर्‍हेनियस समीकरण, ΔG° = −RT ln K, नर्न्स्ट, आणि गॅसच्या रेणूंचा वेग. इथे R एनर्जीच्या कामाला येतो म्हणून 8.314 च, दुसरा विचारच करायचा नाही, प्रश्नात कॅलरी असेल तरच 1.987. पण इथे 8.314 बरोबर घेऊनही माणूस आपटतो, कारण बाजूचा आकडा किलोजूलमध्ये असतो. समजा अॅक्टिव्हेशन एनर्जी 50 किलोजूल प्रति मोल आहे आणि तापमान 300 केल्विन:

```
बरोबर : exp(−50000 / (8.314 × 300)) = exp(−20.05) ≈ 2 × 10⁻⁹
चूक   : exp(−50 / (8.314 × 300))    = exp(−0.020) ≈ 0.98
```

दुसरं उत्तर म्हणतंय की 98 टक्के रेणू त्या अडथळ्यावर उडी मारू शकतात, म्हणजे रिअॅक्शन डोळ्याची पापणी लवायच्या आत संपली पाहिजे. एक्स्पोनेन्शियलमधला आकडा 0.02 असला काही आला की थांबा, साध्या तापमानाला तो बहुधा दहा ते चाळीसच्या मध्ये कुठेतरी असतो. रेणूंच्या वेगात हीच भानगड मोलर मासच्या बाबतीत होते: जूलमध्ये किलोग्रॅम लपलेला आहे, म्हणून ऑक्सिजनसाठी M 32 नाही तर 0.032 टाकायचा.

```
v = √(3RT/M) = √(3 × 8.314 × 300 / 0.032) ≈ 484 m/s
```

M च्या जागी 32 टाकला तर 15 मीटर प्रति सेकंद येतं, म्हणजे रेणू हायवेवरच्या ट्रकपेक्षा हळू. खोलीच्या तापमानाला हवेतल्या रेणूंचा वेग आवाजाच्या वेगापेक्षा, म्हणजे साधारण 350 मीटर प्रति सेकंदापेक्षा, जास्तच असतो, एवढी एक तपासणी पुरते.

मग ती सगळ्यात गोंधळाची गणितं, ज्यात प्रेशर आहे पण व्हॉल्यूम वेगळं दिसत नाही. ऑस्मोटिक प्रेशर π = cRT घ्या. 0.1 मोलर साखरेचं पाणी, 300 केल्विन. 0.0821 घेतला तर 2.46 येतं, 8.314 घेतला तर 249 येतं, आणि मुलं म्हणतात दुसरं चुकलं. चुकलेलं नाही! c मोल प्रति लिटरमध्ये आहे, R मोल आणि केल्विनमागे इतके जूल, म्हणून गुणाकार निघतो जूल प्रति लिटर, आणि वर आपण बघितलं की लिटर-किलोपास्कल म्हणजे जूल, म्हणजे जूल प्रति लिटर हा किलोपास्कलच झाला. 249 किलोपास्कल म्हणजेच 2.46 अॅटमॉस्फिअर. चूक होते ती 249 च्या पुढे सवयीने "अॅटमॉस्फिअर" किंवा "पास्कल" लिहिलं तर. म्हणजे अशा गणितात R निवडताना उलटं चालायचं, उत्तर कोणत्या युनिटमध्ये मागितलंय ते बघायचं: अॅटमॉस्फिअरमध्ये हवं तर 0.0821, बारमध्ये हवं तर 0.0831, किलोपास्कलमध्ये हवं तर 8.314, आणि c तिन्ही वेळा मोल प्रति लिटरच.

Kp = Kc(RT)^Δn ला पण तेच लागू, Kc मोल प्रति लिटरमध्ये असेल तर R ठरवतो की Kp कोणत्या प्रेशर युनिटमधला. आणि इथे एक सापळा आहे जो एकाच प्रश्नात दोन R मागतो: आधी Kc वरून Kp काढा, मग त्या Kp वरून ΔG° काढा. पहिल्या पायरीत 0.0831 (कारण ΔG° साठीचं प्रमाण प्रेशर 1 बार आहे, Kp बारमध्येच पाहिजे), दुसऱ्या पायरीत 8.314 (कारण आता एनर्जी हवीय). एकाच गणितात R दोनदा वेगळा घेतला म्हणून घाबरायचं नाही, दोन्ही ठिकाणी तो वेगळं काम करतोय. पहिल्या पायरीत पण 8.314 च ठेवला तर Kp किलोपास्कलमध्ये येतो, Δn 1 असेल तर 100 पट मोठा, आणि 300 केल्विनला ΔG° साडेअकरा किलोजूलने सरकतो, कधीकधी चिन्हच बदलतं आणि न होणारी रिअॅक्शन कागदावर आपोआप व्हायला लागते.

इंजिनिअरिंगला गेलेल्यांसाठी थोडक्यात. थर्मोच्या पुस्तकात हवेसाठी R = 287 दिसला तर तो आपला R नाही, तो प्रति किलो आहे, 8314 भागिले हवेचं सरासरी मोलर मास 28.97. तो फक्त हवेचा आहे, नायट्रोजनला किंवा वाफेला लावायचा नाही, आणि समीकरणात n च्या जागी किलोतलं वजन टाकायचं. अमेरिकन क्लायंटच्या डेटाशीटवर काम करणाऱ्यांना 10.73 भेटतो, त्यात प्रेशर psi मध्ये, व्हॉल्यूम घनफुटात, मोलच्या जागी पाउंड-मोल आणि केल्विनच्या जागी रँकिन, म्हणजे फॅरेनहाइट अधिक 459.67. यातला psi पण अॅबसोल्यूट असायला लागतो, शीटवर psig लिहिलं असेल तर आधी 14.7 मिळवा, psia असेल तर तसाच घ्या.